हक्काचे पैसे मागताना मान खाली का?

आपल्याकडे एक उलटा न्याय रूढ झाला आहे. माल घेऊन पैसे थकवणारा ताठ मानेने फिरतो आणि दिलेल्या मालाचे पैसे मागणारा चाचरत बोलतो. भोसरी, सातपूर, वाळूज, कुठल्याही औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखानदाराला विचारा. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’, ‘चेक तयार आहे, फक्त सही राहिलीय’, ‘आमचंच वरून आलेलं नाही’ ही उत्तरे त्याला पाठ झालेली असतात. तो ती ऐकून घेतो, कारण पुढची ऑर्डर जाण्याची त्याला धास्ती असते. त्याच्या या धास्तीवर आपले मोठे म्हणवणारे व्यवहार उभे आहेत, आणि याची कुणालाच लाज वाटत नाही.

या लाजिरवाण्या प्रथेचा हिशेब मांडून पाहू. समजा, भोसरीतल्या एका लेथवाल्याने 10 जानेवारी 2024 रोजी एका कंपनीला दोन लाखांचे सुटे भाग पोचवले. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून बिल झाले 2,36,000 रुपयांचे. माल त्याच दिवशी तपासून स्वीकारला गेला आणि ऑर्डरमध्ये 45 दिवसांची मुदत लिहिलेली होती. म्हणजे 24 फेब्रुवारीपर्यंत पैसे यायला हवे होते. पण त्याआधीच, 20 फेब्रुवारीला, त्याने या बिलावरचे 36,000 रुपये सरकारजमा केले. गिऱ्हाइकाने दिले नसले तरी कर भरावाच लागतो. कामगारांचा पगार, लोखंडाचे बिल, विजेचे बिल यांपैकी काहीच थांबले नाही. ते भागवायला त्याने बँकेच्या कॅश क्रेडिटमधून पैसे उचलले आणि त्याचे व्याज स्वतः भरले. जून उजाडला तरी कंपनीकडून छदाम नाही. उघड बोलायचे तर त्या कंपनीने आपल्याहून कितीतरी लहान माणसाकडून बिनव्याजी कर्ज घेतले, तेही त्याला न विचारता.

हे अनैतिक आहेच, बेकायदाही आहे. उशिरा येणाऱ्या पैशांवर व्याजाचा कायदा आपल्या देशात 1993 साली झाला आणि त्याची जागा 2006 च्या एमएसएमईडी कायद्याने घेतली. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यायचे आणि ती मुदत 45 दिवसांहून जास्त असता कामा नये. करारात नव्वद दिवस छापले तरी ते चालत नाहीत. लेखी मुदत ठरलीच नसेल तर माल स्वीकारल्यापासून पंधरा दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. तेव्हा बँक रेट 6.75 टक्के होता, म्हणजे व्याजाचा दर झाला 20.25 टक्के. आपल्या लेथवाल्याच्या बिलावर 24 जूनपर्यंतच्या चार महिन्यांत हे व्याज सुमारे 16,340 रुपये होते.

कायदा असूनही माणसे मुकाट राहतात, कारण मागणे म्हणजे हात पसरणे असे आपण त्यांना शिकवले आहे. मग पत्र लिहायची वेळ आली की एक जण गयावया करतो, ‘मुलीचं लग्न आहे, कृपा करा’ म्हणतो. दुसरा चिडून शिव्याशाप लिहितो. दोघेही आपला हक्क आपल्याच हाताने कमजोर करतात. पहिल्याने देण्याला दान बनवले आणि दुसऱ्याने समोरच्याला भांडणाचे निमित्त दिले. पत्र असे हवे:

स.न.वि.वि.

आपल्या खरेदी ऑर्डरप्रमाणे 10 जानेवारी 2024 रोजी पाठवलेला माल आपण त्याच दिवशी स्वीकारला. त्याच्या बिलाची 2,36,000 रुपयांची रक्कम 24 फेब्रुवारीला देय होती. आजपर्यंत ती मिळालेली नाही. आमची उद्यम नोंदणी असल्याने या रकमेवर एमएसएमईडी कायद्याप्रमाणे व्याज लागू आहे. आजअखेरच्या व्याजाचा तक्ता सोबत जोडला आहे.

कृपया संपूर्ण मुद्दल 5 जुलै 2024 पर्यंत खात्यात जमा करावी. तसे झाल्यास आपले संबंध ध्यानात घेऊन या वेळी व्याजाचा आग्रह धरणार नाही. रकमेबद्दल वा मालाबद्दल काही हरकत असल्यास त्याच तारखेपर्यंत लेखी कळवावे. अन्यथा आम्हाला फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज करावा लागेल. आपल्याबरोबर पुढेही काम करण्याची आमची इच्छा आहे.

आपला नम्र,

या पत्रात एकही कठोर शब्द नाही, तरीही पळवाट नाही. 5 जुलै ही तारीख विचार करून घातली आहे. बिलापासून 180 दिवसांत पुरवठादाराचे पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला घेतलेली जीएसटीची वजावट व्याजासह परत करावी लागते. ती पैसे दिल्यावर पुन्हा मिळते, पण भुर्दंड बसतोच. हे 180 दिवस 8 जुलैला भरतात. शिवाय मुदत उलटूनही 31 मार्चला रक्कम थकलेली असल्याने तेव्हाच्या प्राप्तिकर कायद्याच्या 43बी(एच) कलमाप्रमाणे कंपनीला त्या वर्षी या खर्चाची वजावट मिळणार नाही, पैसे देईल त्या वर्षी मिळेल. म्हणून पत्र हिशेब विभागाला पाठवावे आणि त्याची प्रत खरेदीप्रमुखाला व मालकालाही द्यावी. ईमेल करावाच, पण पोचपावतीसह टपालानेही पाठवावे. उत्तरात ‘पैसे द्यायचे आहेत, थोडा वेळ द्या’ एवढे लेखी आले तरी ते जपून ठेवा. दाव्याची मुदत तीन वर्षांची असते आणि ती संपण्यापूर्वी मिळालेल्या अशा सहीच्या कबुलीने ती नव्याने सुरू होते.

या संरक्षणाला सीमा आहेत. नुसता व्यापार करणाऱ्याला आणि मध्यम उद्योगाला व्याजाचा हा हक्क नाही. उद्यम नोंदणी माल देण्याआधीच केलेली असावी, नंतर धावाधाव करून भागेलच असे नाही. कौन्सिलने नव्वद दिवसांत निकाल द्यावा असे कायदा म्हणतो, प्रत्यक्षात बऱ्याचदा वेळ लागतो. पण निकाल विरोधात गेला तर खरेदीदाराला त्याला आव्हान देताना 75 टक्के रक्कम आधी भरावी लागते. अर्ज करण्याच्या नुसत्या उल्लेखाने अनेक अडलेले चेक सुटतात ते याचमुळे.

आता पैसे थकवणाऱ्यांना विचारतो. तुमच्या वार्षिक सभेत नफ्याचे आकडे वाचले जातात, त्यांत दुसऱ्याच्या कामगारांचा रखडलेला पगार किती आहे? गणेशोत्सवाला तुम्ही देणगी देता, गावात तुमच्या नावाचा फलक लागतो. तो पैसा आधी लेथवाल्याच्या खात्यात गेला पाहिजे होता. दुसऱ्याचे देणे थकवून केलेले दान पुण्य ठरत नाही. आणि आपण बाकीचे, जे अशा माणसाला व्यासपीठावर बसवतो, सोयरीक जुळवताना त्याची गाडी पाहतो आणि देणी पाहत नाही, आपणही या पापाचे वाटेकरी आहोत.

म्हणून लहान उद्योजकांनो, 45 दिवस उलटले की सेहेचाळिसाव्या दिवशी पत्र पाठवा, सहा महिने वाट पाहू नका. व्याज सोडण्याची सवलत एकदाच द्या. आणि खरेदीदारांनो, पत्र येण्याची वेळच येऊ देऊ नका. ज्याच्या घामाचा माल तुमच्या यंत्रात फिरतो आहे, त्याचे पैसे आज द्या.