भाड्याच्या घरातलं कपाट

वर्सोव्याला किंवा रत्नागिरीत समुद्राजवळ भाड्याने राहणाऱ्यांनी कपाट घेताना आधी खालची कड पाहावी. दुकानात लाकडी म्हणून विकलं जाणारं स्वस्त कपाट बहुधा भुशाच्या दाबलेल्या फळीचं, म्हणजे पार्टिकल बोर्डचं असतं. वरून लॅमिनेट चकचकीत असतं, पण तळाची कड आणि स्क्रूची भोकं उघडीच राहतात. लादी पुसतानाचं पाणी आणि पावसाळ्यातली ओल तिथूनच आत शिरते. फळी एकदा फुगली की उन्हात वाळवूनही मूळ जाडीवर येत नाही, बिजागरीचे स्क्रू सैल होतात आणि दार लोंबकळतं. घर बदलताना असं कपाट खोललं, की ते स्क्रू पुन्हा घट्ट बसत नाहीत. सागवान टिकतं, पण ते महाग आणि जड. स्टीललाही खारी हवा सोडत नाही. गंज पायांपाशी, वेल्डिंगच्या सांध्यावर आणि ओरखड्यावर आधी धरतो. फरक एवढाच, की तो दिसतो आणि थांबवता येतो. रंगाला फोड आला की तो खरवडावा, पॉलिश पेपरने धातू स्वच्छ घासावा, रेड ऑक्साइड लावून वाळू द्यावं आणि वर ऑइल पेंट मारावा. पायांखाली प्लास्टिकच्या टोप्या घालाव्यात, बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं अंतर ठेवावं. डांबराच्या गोळ्या ओल शोषत नाहीत, त्यासाठी कॅल्शियम क्लोराइडचा डबा ठेवावा. दर दोन-तीन वर्षांनी घर बदलणार असाल, तर स्टीलचंच घ्या.