पिक्सेल तुमचे, शाई आमची

दिवाळी अंकाची जुळवाजुळव सुरू झाली की लेखकांना आणि चित्रकारांना संपादकांचा एक ईमेल जातो. त्यातली एक ओळ वर्षानुवर्षं तशीच चालत आली आहे : ‘सर्व छायाचित्रे व चित्रे 300 डीपीआय, सीएमवायकेमध्येच पाठवावीत.’ लेखक ती वाचून वैतागतात आणि संपादक तिच्यावर बोट ठेवून चित्रं परत पाठवतात. माझं म्हणणं असं, की यात वैतागणारे चुकतात आणि ओळ लिहिणारेही चुकतात. त्या ओळीचा पहिला अर्धा भाग अपुरा आहे आणि दुसरा बहुतेक वेळा चुकीचा.

आधी लेखकांची बाजू पाहू. त्यांचं पहिलं म्हणणं असतं, ‘फोटो मोबाइलवर एकदम स्वच्छ दिसतो, मग अडचण कसली?’ येवल्याच्या पैठणीवर एक लेख आला आहे आणि त्यासोबत मागावर बसलेल्या विणकराचा उभा फोटो आहे, असं धरू. संपादकांना तो पूर्ण पानभर छापायचा आहे. छापून कापल्यावर पान 7 इंच रुंद आणि साडेनऊ इंच उंच. कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून चारही बाजूंना पाव सेंटीमीटरहून थोडं जास्त ब्लीड सोडायचं, म्हणजे फोटो प्रत्यक्षात सव्वासात गुणिले पावणेदहा इंचांचा हवा.

आलेल्या फाइलचं नाव IMG-20240812-WA0007.jpg. नावातलं WA पाहिलं की अनुभवी संपादकाला पुढचं सगळं कळतं. व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवताना त्याची लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलवर आणून ठेवतं. म्हणजे हातात आले 1200 गुणिले 1600 पिक्सेल. 1200 ला सव्वासातने भागलं की इंचाला जेमतेम 165 पिक्सेल पडतात. मोबाइलचा पडदा तीन इंचांहूनही अरुंद असतो, त्यामुळे तिथे हेच पिक्सेल दाटीवाटीने बसतात आणि फोटो धारदार दिसतो. पानावर ते पसरतात. मग जरीच्या काठातली बारीक नक्षी एकमेकींत मिसळते, धाग्यांच्या कडा मऊ पडतात आणि फाइल दाबून लहान करताना आलेले चौकोनी डाग पदराच्या कडेने उघडे पडतात. छपाईआधी हे ओळखायचं असेल तर फोटो संगणकावर 100 टक्के आकारात उघडून काठावर नजर टाकावी. तिथे चौकोन दिसले तर पानभर छापल्यावर तेही दिसतील.

यात दोष मोबाइलचा नाही. बारा मेगापिक्सेलच्या साध्या कॅमेऱ्याने काढलेली मूळ फाइल 3000 गुणिले 4000 पिक्सेलची असते. तीच या पानावर बसवली तर इंचाला 410 पिक्सेल मिळतात, म्हणजे गरजेपेक्षा जास्तच. वाटेत सहा पिक्सेलांतला जेमतेम एक शिल्लक राहिला. तोच फोटो त्याच व्हॉट्सॲपवरून ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडला असता, तर मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचली असती.

लेखकांचं दुसरं म्हणणं जास्त हुशारीचं असतं : ‘तुम्ही सांगितलंत तसा फोटो 300 डीपीआय करून पाठवला आहे.’ फोटोशॉपमध्ये Image Size उघडून, Resample ची खूण काढून 72 च्या जागी 300 लिहिलं, तर फाइलमधला एकही पिक्सेल बदलत नाही. बदलते ती फाइलवरची चिठ्ठी. ते 1200 गुणिले 1600 पिक्सेल आता ‘मी 4 इंच रुंद आहे’ असं सांगू लागतात, इतकंच. पानावर सव्वासात इंचांना ताणले की पुन्हा तेच 165. आणि Resample ची खूण ठेवूनच आकडा वाढवला, तर पिक्सेल वाढतात खरे, पण शेजारच्यांची सरासरी काढून भरलेले. मूळ फोटोत नसलेली जरीची तार त्यातून उगवत नाही.

म्हणूनच संपादकांच्या ओळीतला ‘300 डीपीआय’ अपुरा. किती इंचांवर, हे न सांगता दिलेला हा आकडा कुठल्याही फाइलवर चिकटवता येतो, आणि लेखक बिचारे तेवढंच करतात. इनडिझाइनच्या Links पॅनेलमध्ये Actual PPI आणि Effective PPI असे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात. पहिला चिठ्ठीवरचा असतो आणि दुसरा पानावर प्रत्यक्ष उरलेला. संपादकाला हवा असतो दुसरा, आणि ईमेलमध्ये तो मागतो पहिला.

आता 300 या आकड्याकडेच पाहू, कारण काही संपादक 260 चा फोटोही परत पाठवतात. छापलेल्या फोटोवर भिंग धरलं की ओळीने मांडलेले ठिपके दिसतात. आर्ट पेपरवरच्या मासिकासाठी हे ठिपके बहुधा इंचाला 150 ओळींच्या जाळीत बसवतात, मॅपलिथोसारख्या शाई पिणाऱ्या कागदावर 133 च्या आसपास, वर्तमानी कागदावर त्याहून विरळ. फोटोला या जाळीच्या दीडपट ते दुप्पट पिक्सेल पुरतात. 150 ची दुप्पट म्हणजे 300, हा या आकड्याचा उगम. दीडपट धरली तर 225 भरतात. मग 260 चा फोटो नाकारण्याला छपाईशास्त्राचा आधार उरत नाही. 165 चा पानभर मात्र लावू नये, तो 4 इंचांच्या चौकटीत लावावा.

उलट जिथे 300 अगदीच तोकडे पडतात, तिथे या ईमेलमध्ये अवाक्षर नसतं. दिवाळी अंकातली व्यंगचित्रं आणि काळ्या शाईची रेखाटनं ही फोटोसारखी ठिपक्यांत फोडायची नसतात. त्यांची रेघ प्लेटवर रेघ म्हणूनच उमटायला हवी, आणि प्लेट काढणारं यंत्र इंचाला दोन हजारांहून जास्त बिंदूंचं काम करतं. अशी रेघ 300 वर करड्या छटांत स्कॅन केली तर तिच्या कडा ठिपक्यांनी कुरतडल्यासारख्या दिसतात. ती निव्वळ काळ्या-पांढऱ्यात, छापायच्या आकाराला 1200 वर स्कॅन करावी. चित्रकाराच्या हाताचा जोर त्या कडेतच असतो.

राहिला रंगांचा प्रश्न. ‘सीएमवायकेमध्येच पाठवा’ हा आग्रह वरवर रास्त वाटतो. छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या या चार शायांत होते, मग फाइलही तशीच यावी, असा तो युक्तिवाद. पण सीएमवायके हा एकच एक रंगसंच नाही. कुठला कागद, तो किती शाई पितो, ठिपका किती फुगतो, यावर शायांचं प्रमाण ठरतं. लेखकाला अंकाचा कागद माहीत नसतो. तो फोटोशॉपमध्ये मेनूतून CMYK निवडतो आणि अनेक संगणकांवर आधीपासून ठेवलेली U.S. Web Coated (SWOP) v2 ही मांडणी मुकाट्याने लागू होते. ती अमेरिकेतल्या रिळावरच्या छपाईसाठी आणि गुळगुळीत कागदासाठी बनवलेली आहे.

पैठणीच्या फोटोचं यात काय होतं? पडद्यावरचा गडद काळा या मांडणीत 75, 68, 67 आणि 90 टक्के अशा चार शायांत वाटला जातो. बेरीज 300 टक्के. गुळगुळीत आर्ट पेपर हे सोसतो. अंकाची आतली पानं मॅपलिथोची असतील तर तिथे ही शाई लवकर वाळत नाही, थप्पीत वरच्या कागदाच्या पाठीवर उमटते, आणि मागाच्या सावलीतले बारकावे एका काळ्या गोळ्यात बुडतात. दुसरं नुकसान रंगांचं. चकाकता निळा, कोवळा पोपटी, झगझगीत केशरी हे पडद्यावरचे रंग चार शायांना गाठताच येत नाहीत. रूपांतरात ते छाटले जातात, आणि फाइल पुन्हा आरजीबी केली तरी परत येत नाहीत. मूळ आरजीबी फाइल हाती असेल तर मांडणी करणारा माणूस छापखान्याच्या प्रोफाइलप्रमाणे मुखपृष्ठासाठी एक आणि आतल्या पानासाठी दुसरं रूपांतर करू शकतो. छाटून आलेल्या फाइलवर त्याचा इलाज चालत नाही.

यावर संपादक म्हणतील, ‘पण रंग बदलले की चित्रकार आमच्यावरच चिडतात. त्यांनीच रूपांतर केलं तर बदल त्यांना आधी दिसेल.’ तक्रार खरी आहे, उपाय चुकीचा आहे. बदल दिसण्यासाठी फाइल बदलावी लागत नाही. संपादकाने छापखान्याचं प्रोफाइल चित्रकाराला पाठवावं. फोटोशॉपमध्ये Proof Setup मध्ये ते निवडून Proof Colors चालू केलं की आरजीबी फाइल न बिघडवता छपाईचा अंदाज पडद्यावर येतो. अंदाजच, कारण पडदा नीट जुळवलेला नसेल तर तोही फसवतो. मुखपृष्ठासाठी म्हणूनच कागदावरचं प्रूफ काढून चित्रकाराची संमती घ्यावी. एक अपवाद मात्र मान्य करायला हवा : ज्या चित्रकाराने रेघ फक्त काळ्या शाईत ठेवून चित्र मुळातच सीएमवायकेमध्ये रचलं आहे, त्याची फाइल तशीच घ्यावी. ती आरजीबीत नेऊन परत आणली तर त्याची एका शाईची रेघ चार शायांत फुटते आणि प्लेटा केसभर हलल्या तरी रेघेला रंगीत सावली येते.

या सगळ्यातून एक साधी विभागणी निघते. पिक्सेल फक्त लेखक देऊ शकतो, ते संपादकाला घडवता येत नाहीत. शाईचं गणित छापखान्याच्या कागदावर ठरतं, ते लेखकाने करू नये. तेव्हा ती जुनी ओळ काढून ईमेल असा लिहावा :

‘कॅमेऱ्यातून किंवा मोबाइलमधून निघालेली मूळ फाइल पाठवा. कापू नका, उजळ करू नका, स्क्रीनशॉट नको. ईमेलने, ड्राइव्हवरून किंवा व्हॉट्सॲपवर “डॉक्युमेंट” म्हणून पाठवा. पूर्ण पानासाठी 2200 गुणिले 2950 पिक्सेल असले तर उत्तम, अर्ध्या रुंदीच्या चौकटीला 1100 पिक्सेल रुंदी पुरते. फाइल याहून लहान असली तरी पाठवा, गरज पडली तर आम्ही चौकट लहान करू. फोटो आरजीबीतच ठेवा, त्यातलं रंगप्रोफाइल काढू नका. सीएमवायके आम्ही करू. काळ्या शाईची रेखाटनं छापायच्या आकाराला 1200 वर, काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करा. चित्र मुळातच सीएमवायकेमध्ये केलं असेल तर तसं कळवा.’

हा ईमेल जुन्या ओळीपेक्षा लांब आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्याने लेखकाकडून तेवढंच मागितलं आहे जेवढं त्याच्याकडे आहे. फाइल आल्यावर कोणता फोटो किती इंचांवर लावायचा आणि कोणत्या कागदासाठी रंग कसा फिरवायचा, ही संपादकाची आणि मांडणीकाराची जबाबदारी आहे. ‘300 डीपीआय, सीएमवायके’ असं लिहून ती लेखकाच्या गळ्यात घालणं थांबवायला हवं.