क्यूआर कोड टाकलात, हिशेब कुठे आहे?

रमजान आला की भद्रकाली ते वडाळा, नाशिकच्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर मदतीची पोस्टर्स फिरू लागतात. आजारी मूल, थकलेली फी, खाली एक क्यूआर कोड. स्कॅन केला की संस्थेचं नाव न दिसता कुणा भाईचं वैयक्तिक नाव दिसतं. महिन्याभराने विचारलं, पैशांचं काय झालं? उत्तर ठरलेलं: "नेकी करून विसरून जावं."

हे उत्तर मला मान्य नाही. गुप्ततेची शिकवण देणाऱ्यासाठी आहे, गोळा करणाऱ्यासाठी नाही. जकात गोळा करून परतलेल्या इब्नुल लुतबिय्याने "हे तुमचं आणि हे मला भेट मिळालं" असं सांगितलं, तेव्हा पैगंबरांनी त्याला मिंबरवरून जाब विचारला. ही हदीस बुखारीत आहे. मग आपल्या गल्लीतल्या गटाला हिशेब विचारला की अपमान कसा होतो?

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे मला साधी शीट पुरते. समजा, एका मुलीच्या डिप्लोमाची फी ३२,००० रुपये आहे आणि जमा झाले ३८,५००. त्यात जकात २१,०००, बाकी इमदाद १७,५००. शीटमध्ये प्रत्येक रकमेसमोर तारीख आणि यूपीआय संदर्भ क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहा, देणाऱ्याचं नाव नको. नाव उघड न होता प्रत्येकाला आपली ओळ सापडते. सापडली नाही, तर गडबड तिथेच कळते. फी थेट कॉलेजच्या खात्यात भरा आणि मुलीचं नाव झाकून पावती टाका. आधी जकात पूर्ण वापरा, इमदादीतले ११,००० घाला. उरलेले ६,५०० कशासाठी, हे पहिल्याच पोस्टमध्ये ठरलेलं असावं. नंतर ठरवलं की भांडणं होतात.

रोख रकमेला ही युक्ती चालत नाही. तिथे पावतीपुस्तकच लागतं आणि पावतीचा क्रमांक शीटमध्ये यायला हवा.

दर शुक्रवारी सुरुवातीची शिल्लक, जमा, खर्च, अखेरची शिल्लक अशा चार ओळी टाका. आठवड्यात काहीच झालं नाही, तरी "जमा शून्य, खर्च शून्य" लिहा. लोक खर्चाने बिथरत नाहीत, गप्प बसण्याने बिथरतात. ती अखेरची शिल्लक बँकेच्या स्टेटमेंटशी जुळते का, हे गटाबाहेरच्या एकाने तपासावं. वैयक्तिक खात्यात हे जमतच नाही, कारण त्यात घरचा किराणाही मिसळलेला असतो. नोंदणी नसेल तर वर्गणीआधी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळं दरवर्षी ती घेतात, आपल्याला कंटाळा का यावा?

आणि हो, अपडेट म्हणून राशनची पिशवी धरलेल्या बाईचा फोटो टाकू नका. त्यातून पिशव्या किती वाटल्या हे कळत नाही, फक्त बाई कोण हे सगळ्या मोहल्ल्याला कळतं. दुकानदाराचं बिल टाका.