रविवारची साफसफाई आणि गाण्यांचा हिशेब

मागच्या महिन्यात नातवानं मला एक गाण्यांची यादी मोबाईलवर लावून दिली. म्हणाला, "आबा, ही सफाईची गाणी. एकदम जोशातली." यादी छान होती, जोशही होता. पण तिसऱ्या गाण्याला सूनबाई झाडू टाकून बसली, आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरपीत धूळ नाचताना दिसली. त्यावरून मनात बरंच दिवस घोळत असलेलं मत आज लिहून टाकतो. सफाईचं गाणं आवडीवरून निवडायचं नसतं, हातावरून निवडायचं असतं. आणि ते निवडण्याचा अधिकार ज्याच्या हातात झाडू त्याचा.

पस्तीस वर्षं बँकेत काढल्यामुळे मोजायची सवय काही जात नाही, तेव्हा मोजणीपासूनच सुरू करतो. गाणं लावा, घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघा आणि ठेक्यावर टाळ्या वाजवा. पंधरा सेकंदांत किती टाळ्या झाल्या ते मोजून चारनं गुणा. पंचवीस झाल्या तर मिनिटाला 100. पस्तीस झाल्या तर 140. नातवाची यादी सगळी 140 च्या आसपासची, म्हणजे व्यायामशाळेत पळण्यासाठी केलेली. आता झाडूचा हिशेब बघा. फूलझाडूचा एक पूर्ण फटका, म्हणजे जवळ ओढून परत मागं नेणं, आरामात काम करणाऱ्या माणसाचा मिनिटाला चाळीस-पन्नास वेळा होतो. 100 च्या गाण्यावर दोन टाळ्यांना एक फटका हे अगदी सहज बसतं. 140 वर तेच करायला गेलं की मिनिटाला सत्तर फटके मारावे लागतात. मग झाडू फरशीला टेकून सरकत नाही, दर फटक्याच्या शेवटी उचलला जातो, आणि केर पुढं जाण्याऐवजी हवेत जातो. ती उन्हातली नाचणारी धूळ म्हणजे गाणं चुकल्याची पावती. दहा मिनिटांनी तीच धूळ पुसलेल्या टेबलावर येऊन बसते.

आमच्या वयाच्या लोकांसाठी आणखी एक खूण सांगतो. काम करता करता गाण्याबरोबर गुणगुणता आलं पाहिजे. गुणगुणताना दम लागला, ओळ मधेच तुटली, की गाणं बदला. गुडघ्यांना आणि छातीला ठेका कळत नाही असं कुणी समजू नये.

आता मुख्य मुद्दा. हात जेवढा लांब फिरणार तेवढा ठेका संथ हवा, आणि हात जेवढा जागच्या जागी तेवढा ठेका जलद चालतो. कॅशियर नोटा मोजतो तेव्हा फक्त बोटं चालतात, म्हणून तो भराभर मोजतो. तोच माणूस जाडजूड लेजर उचलून कपाटाकडे जातो तेव्हा आपोआप सावकाश चालतो. घरकामातही तेच. भांडी घासणं, नळ घासणं, स्वयंपाकाच्या ओट्यावरचा चिकटपणा काढणं, यात फक्त मनगट फिरतं. तिथं ‘आशा’ (1957) मधलं ‘ईना मीना डीका’ लावा. चाल सी. रामचंद्रांची, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या माणसाची, आणि आवाज किशोरकुमारचा. हा खंडव्याचा मुलगा आमच्या इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकला, म्हणून इंदूरकर त्याला घरचाच समजतात. कढईचा जळका बूड या गाण्यावर जसा निघतो तसा दुसऱ्या कशावर निघताना मी पाहिला नाही. पण हेच गाणं पोछा मारताना लावलं तर पाणी भिंतीवर उडतं.

पोछ्याला डोलणारी चाल हवी. शांता शेळके यांनी लिहिलेलं, हृदयनाथांनी चाल बांधलेलं, लताबाई आणि हेमंतकुमार यांनी गायलेलं ‘मी डोलकर’ आठवा. त्या चालीत होडीचा हेलकावा आहे, आणि दांड्याचा पोछा डावीकडून उजवीकडे आणि परत असा जातो तो हेलकावाच. समुद्र आम्हा माळव्यातल्या लोकांनी सहलीलाच पाहिलेला, तरी कोळीगीतावर घर पुसायला काही अडत नाही. आतल्या भिंतीपासून सुरुवात करून दाराकडे मागं मागं यायचं. पोछा घट्ट पिळलेला असला तर एक खोली एका गाण्यात नीट होते. दोन गाणी लागत असतील तर समजावं की पाणी जास्त झालंय.

‘एक गाणं’ हे माप मी उगाच वापरत नाही. जुनी तबकडी, मिनिटाला 78 फेरे घेणारी, दहा इंची, तिच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचंच ध्वनिमुद्रण मावायचं. म्हणून त्या काळची बहुतेक गाणी तेवढ्याच लांबीची झाली. कामासाठी हे फार सोयीचं माप आहे. कुणाला "अर्धा तास जाळी काढ" म्हटलं की तोंड वाकडं होतं. "दोन गाण्यांत जेवढी निघतील तेवढी काढ" म्हटलं की तोच माणूस उठतो, कारण शेवट कधी हे त्याला ऐकू येणार असतं. हल्लीच्या पाच-सहा मिनिटांच्या गाण्यांत, किंवा एकात एक मिसळलेल्या तासाभराच्या गाण्यांत, हा शेवटच ऐकू येत नाही. म्हणून सफाईला मी ती लावू देत नाही.

आता आमच्या घरचा परवाचा रविवार सांगतो. दोन बेडरूमचा फ्लॅट, माणसं पाच. कामवाल्या ताईंना रविवारी सुट्टी, ती त्यांची हक्काची आहे, त्यामुळे त्या दिवशी घर आमच्या अंगावर. पूर्वी नोकरीत असताना शनिवारीही अर्धा दिवस बँक असायची. दुसऱ्या-चौथ्या शनिवारची सुट्टी 2015 मध्ये आली, तोवर मी निवृत्त होऊन बसलो होतो. म्हणून आमच्या घरात सफाई रविवारचीच, ती सवय राहिली.

सकाळी आमच्या रस्त्यावर कचरागाडी येते ती स्वतःच गाणं वाजवत येते. इंदूर 2017 मध्ये स्वच्छतेत देशात पहिलं आलं, त्याला हे रोज सकाळी दारात येणारं गाणंही थोडं कारण असावं असं माझं मत. ओला आणि सुका कचरा वेगळा करून दिला की मग काम सुरू. काम वरून खाली. आधी जाळी, मग पंखे, मग पुसापुशी, मग झाडू, शेवटी पोछा.

पंख्यासाठी सौ. ची एक युक्ती आहे. उशीचा जुना अभ्रा पात्याच्या टोकाकडून आत सरकवायचा, वरून दोन्ही हातांनी दाबायचा आणि आपल्याकडे ओढायचा. सगळी धूळ अभ्र्यात, पलंगावर कणही नाही. पण मुलगा शिडीवर चढला की गाणं बंद. यावर आमच्याकडे चर्चा नाही. शिडीवरच्या माणसाचा पाय ठेक्यावर हलला, किंवा खालून शिडी धरणाऱ्याला "धर" म्हटलेलं ऐकू गेलं नाही, तर सण दवाखान्यात साजरा होतो. पंखे संपले की एक गाणं कुणी काहीच करायचं नाही, उडालेली धूळ खाली बसू द्यायची. लहानपणी रेडिओ सिलोनवर जुन्या गाण्यांचा कार्यक्रम आठच्या आधी सैगलच्या गाण्यानं संपायचा, तेव्हा आई चहा ठेवायची. त्यामुळे धूळ बसण्याच्या वेळेला आमच्याकडे अजून सैगल आणि चहा.

बाथरूमचा हिशेब वेगळा. बोअरिंगच्या पाण्यानं नळावर पांढरा थर चढतो. त्यावर लिंबाचा रस लावून चार गाणी सोडून द्यायचं, मग घासायचं. तिथं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही वापरू नका. त्यातून क्लोरिन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये गात काम करणारा माणूस श्वासही खोल घेत असतो.

पोछा झाल्यावर पंखा लावून दोन गाणी फरशीवर पाऊल टाकायचं नाही. खरा सण हाच. सगळे बाल्कनीत, आणि आता नातवाची पाळी. ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ वाजतं, तो नाचतो, सौ. खुर्चीत बसून टाळ्या देते, आणि खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर बघून हसतात. ओल्या फरशीवर तेच गाणं लागलं असतं तर कुणीतरी घसरलं असतं. तोवर मुलगा पोहे-जिलबी घेऊन येतो.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसतो. कित्येक घरांत चित्र असं असतं की पुरुष मंडळी सोफ्यावर, मोबाईल त्यांच्या हातात, गाणी त्यांच्या पसंतीची, आणि बाई पाय उचलायला सांगत झाडू फिरवते. वर म्हणायचं, "बघ, तुझ्यासाठी गाणी लावली." तिच्यासाठी ती गाणी नाहीत, मजुरी करताना शेजारी वाजणारा बँड आहे. जात्यावरच्या ओव्या आठवा. जिचा हात खुंट्याला तीच ओवी म्हणायची, दळण जड असलं की चाल आपोआप संथ व्हायची, आणि समोर दुसरी बसली तर ती पुढची ओळ उचलायची. ओवी ऐकायला बसलेला माणूस त्या व्यवस्थेत कुठं नव्हताच. म्हणून आमच्या घरात नियम असा की मोबाईल झाडू असलेल्या हाताकडे. पुढचं गाणं कोणतं, की आता गाणंच नको, हे तो हात ठरवणार. कुणाला स्वतःचं गाणं ऐकायचंच असेल तर उठून पोछा घ्यावा.

नातवानं हे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे मला झिंगाट दोनदा हवं असेल तर?" मी म्हटलं, बाल्कनीची जाळी आणि दोन्ही कुंड्यांच्या ताटल्या बाकी आहेत. पुढच्या रविवारी त्याच्या नावावर लिहून ठेवल्यात.