यंत्राने नेमकं काय वाचलं, ते आधी पाहा!



आज जरा वेगळ्या विषयावर लिहितोय. आपल्यापैकी बरेच जण नोकरी सांभाळून पुढचं शिक्षण घेतात. कुणी बी.एड. करतंय, कुणी एम.ए. शिक्षणशास्त्र. तुमच्या घरातली मुलंही कॉलेजला प्रकल्प सादर करत असतील. हे सगळं आता पीडीएफ करून द्यावं लागतं. मग एक सॉफ्टवेअर ते तपासतं आणि सांगतं, यातला इतका टक्के मजकूर दुसरीकडे सापडला. आपण त्याला 'चोरीचा टक्का' म्हणतो. माझं म्हणणं एवढंच आहे की तो टक्का तुमच्या लेखनाचा नसतो. फाइलमधून यंत्राच्या हाती जे अक्षर लागलं, त्याचा असतो. या दोन गोष्टींत किती अंतर पडू शकतं, ते मी जवळून पाहिलं.

आमच्या शेजारच्या शाळेतल्या एका मॅडमनी एम.ए.साठी लघुशोधप्रबंध लिहिला. विषय होता तिसरीच्या मुलांचं प्रकट वाचन. सगळं टायपिंग कृतिदेव फॉन्टमध्ये, कारण त्यांनी टायपिंगची परीक्षा त्याच कीबोर्डवर दिली होती आणि हात तिथेच बसलेला. पीडीएफ केली, पाठवली. अहवाल आला : शून्य टक्के. मॅडम खूश! पण मार्गदर्शक सरांचा फोन आला, "मॅडम, शून्य कसं येईल? तुम्ही अभ्यासक्रमातली वाक्यं अवतरणात दिलीत, संदर्भसूची दिलीत, ती तरी जुळायला हवीत ना?" मग त्यांनी मजकूर युनिकोडमध्ये करून पुन्हा द्यायला सांगितला. या वेळी आले २३ टक्के. आता तर मॅडमवर सरळ संशयच आला की पहिल्या वेळी त्यांनी काहीतरी युक्ती करून मजकूर लपवला. त्या रडवेल्या होऊन माझ्याकडे आल्या, कारण केंद्रात कॉम्प्युटरचं काही अडलं की मलाच हाक मारतात.

पहिल्या शून्याचं कारण शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. ती पीडीएफ उघडली, सगळं सिलेक्ट करून कॉपी केलं आणि नोटपॅडमध्ये पेस्ट केलं. पडद्यावर जिथे 'मराठी शिक्षक' असं सुंदर दिसत होतं, तिथे नोटपॅडमध्ये आलं :

```
ejkBh f'k{kd
```

कृतिदेव, किंवा त्या पिढीतले बाकीचे जुने मराठी फॉन्ट, मुळात इंग्रजी अक्षरांवर मराठी चित्रं चढवतात. फाइलमध्ये साठवलेलं असतं इंग्रजी e, आपल्याला दिसतो 'म'. फॉन्टचा मुखवटा काढला की खाली ही अशी अगम्य इंग्रजी अक्षरं. तपासणी यंत्र चित्र बघत नाही, ते अक्षरांचे संकेत वाचतं. आता `f'k{kd` हा शब्द इंटरनेटवरच्या 'शिक्षक' या युनिकोड शब्दाशी जुळणार कसा? बारा हजार शब्दांचा प्रबंध यंत्राच्या लेखी परक्या भाषेतला ठरला. मॅडमनी काही लपवलं नव्हतं. पण हेही मान्य करू की ज्याला खरंच उचलेगिरी करायची आहे, त्याचंही शून्यच आलं असतं.

"मग युनिकोडमध्ये टाइप केलं की प्रश्न मिटला ना, सर?" असं मॅडमनी विचारलं. मिटत नाही हो. पीडीएफ ही मुळात छापण्यासाठी बनलेली फाइल आहे. कुठलं चित्र पानावर कुठे ठेवायचं, याची ती नोंद ठेवते. त्या चित्रामागे कोणतं अक्षर आहे, याचा वेगळा तक्ता आत असावा लागतो. तो तक्ता नसला किंवा अर्धवट असला, तर दिसायला पान ठीक, पण कॉपी केल्यावर गडबड. मराठीत ही गडबड इंग्रजीपेक्षा जास्त होते. आपली ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते आणि युनिकोडमध्येही नंतरच साठवली जाते, पण चित्रात ती आधी दिसते. म्हणून काही पीडीएफमधून 'विद्यार्थी' हा शब्द 'िवद्यार्थी' असा बाहेर पडतो, वेलांटीखाली रिकामं ठिपक्यांचं वर्तुळ घेऊन. जोडाक्षरांचं तर विचारूच नका. 'क्ष', 'र्थ्य' यांतला एखादा तुकडा गायबच होतो. पहिलीतली मुलं वेलांटी आधी काढतात तेव्हा आपण त्यांना समजावून सांगतो, इथे यंत्राला कोण सांगणार?

मॅडमची दुसरी फाइल या बाबतीत बरी निघाली. मजकूर जवळजवळ नीट वाचला जात होता. तरी २३ टक्के कशाचे, हे बघायला मी पेस्ट केलेला मजकूर पानासमोर ठेवून वाचत गेलो. आणि पान ७ नंतर असा मजकूर सुरू झाला, जो पानावर नव्हताच! 'येथे समस्येचे विधान लिहावे, उद्दिष्टे पाचपेक्षा जास्त नसावीत' अशा छापाच्या सूचना, चांगल्या दोन पानांच्या. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अहो सर, तो नमुना मला ग्रुपवर मिळाला होता. त्या सूचना डिलीट केल्या की पानं हलायची, अनुक्रमणिका चुकायची. म्हणून मी त्यांना पांढरा रंग दिला."

पांढऱ्या कागदावर पांढरी अक्षरं. माणसाला दिसत नाहीत, यंत्राला काळी काय न् पांढरी काय, सारखीच. तोच नमुना आणखी कितीतरी जणांनी वापरलेला, त्यामुळे ते शब्द धडाधड जुळले. शिवाय काही तपासणी यंत्रं असा छुपा मजकूर सापडला की वेगळी खूण करून दाखवतात, कारण खरोखर फसवणारे लोकही हीच पद्धत वापरतात : शब्दांच्या मधल्या जागेत पांढरी अक्षरं भरायची, म्हणजे यंत्राला सलग वाक्यच सापडत नाही. मॅडमवर संशय घेणाऱ्यांना मी पूर्ण दोष देणार नाही. पण ती खूण म्हणजे 'इथे बघा' असं सांगणारं बोट आहे, तिला गुन्ह्याचा पुरावा समजू नये. पांढऱ्या अक्षरांत काय लिहिलंय ते एकदा वाचलं असतं, तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

(जाता जाता पालकांसाठी आणि आपल्यासाठीही : मुलांच्या याद्या पाठवताना नावावर किंवा आधार क्रमांकावर काळी पट्टी ओढून पीडीएफ करतो ना आपण? बऱ्याचदा पट्टीखाली मजकूर तसाच राहतो आणि कॉपी-पेस्ट केलं की सगळं उघडं पडतं. पट्टी ओढू नका, मजकूर पुसूनच टाका.)

मग आम्ही हिशेब मांडला. प्रबंध साधारण १२,००० शब्दांचा, त्याचे २३ टक्के म्हणजे सुमारे २,७६० शब्द. त्यातले पांढरे ६००. संदर्भसूचीचे ७००. अभ्यासक्रमातल्या अध्ययन निष्पत्ती अवतरणात, स्रोत सांगून दिलेल्या, त्यांचे ९००. उरले ५६०, म्हणजे पाच टक्क्यांच्या आत. उच्च शिक्षणासाठी यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत. त्यांत संदर्भसूची आणि योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणं साम्य मोजताना वगळायला सांगितली आहेत, आणि १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. म्हणजे २३ हा आकडा खरा असूनही मॅडम नियमाच्या आत होत्या. तरी त्या ५६० शब्दांत दोन परिच्छेद असे होते, जे कुठून तरी जसेच्या तसे आले होते. मॅडमनी ते कबूल केलं. टिपणं काढताना स्रोत लिहायचा राहिला होता.

आता सगळ्यात मजेशीर भाग. पेस्ट केलेल्या मजकुरात मला एके ठिकाणी 'विद्यार्थ्यां- साठी', 'वाच- नाचा', 'उच्चा- रातील' असे शब्द दिसले, तेही ओळीच्या मध्येच. छापील मासिकात अरुंद रकाना असला की ओळीच्या शेवटी शब्द तोडून छोटी रेघ देतात. त्या मासिकाच्या पीडीएफमधून परिच्छेद कॉपी केला की रेघाही सोबत येतात. मॅडमनी बहुतेक रेघा काढल्या होत्या, काही राहिल्या. तो परिच्छेद पूर्ण उतरवलेला होता, पण यंत्राने पकडला नव्हता! यंत्र सलग शब्दांच्या साखळ्या जुळवतं. दर सहा-सात शब्दांनी एक शब्द तुटला की साखळीही तुटते. वर सांगितलेल्या नियमांतही योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे सोडून द्यायला सांगितले आहेत, त्यामुळे तुटके तुकडे आणखीच निसटतात.

काही यंत्रं ओळीअखेरची रेघ काढून शब्द जोडून घेतात, हे खरं. पण मग उलटी चूक होते. 'आई-वडील', 'चढ-उतार' हे शब्द नेमके रेघेवरच ओळ संपून तुटले असले, तर 'आईवडील', 'चढउतार' असे चिकटतात. कुठली रेघ छपाईची आणि कुठली शब्दाची, हे वाचणाऱ्या माणसाला अर्थावरून कळतं, यंत्राला दर वेळी कळत नाही.

तेव्हा तुम्ही देणारे असा की तपासणारे, फाइल पाठवण्याआधी किंवा कुणावर बोट ठेवण्याआधी नोटपॅडची ही चाचणी करा. पीडीएफमध्येच कंट्रोल-एफ दाबून समोर दिसणारा एखादा वेलांटीचा, जोडाक्षराचा शब्द शोधून बघा. डोळ्यांसमोर असूनही 'सापडला नाही' आलं, तर यंत्रालाही बहुधा तो सापडलेला नाही. स्कॅन केलेल्या पानांत तर मजकूर नसतोच, नुसता फोटो असतो, किंवा फोटोमागे यंत्राने ओळखलेल्या अक्षरांचा एक अदृश्य थर असतो. तो थर इंग्रजी समजून बनवला असेल तर मराठी पानामागे भलतंच काहीतरी लिहिलेलं असतं. या चाचणीला मर्यादा आहे. तुमचा पीडीएफ वाचक आणि तिकडचं यंत्र अक्षरं अगदी एकसारखी काढतील असं नाही. जिथे चालत असेल तिथे युनिकोडमधली वर्डची फाइल द्यावी, वेलांट्या तरी जागेवर राहतात. मात्र पांढरी अक्षरं वर्डमध्येही तशीच राहतात. सगळं सिलेक्ट करून एकदा काळा रंग दिला की ती बाहेर येतात.

आणि महाविद्यालयांना माझी विनंती आहे की विद्यार्थ्याच्या हाती नुसता टक्का देऊ नका. यंत्राने काढलेला मजकूर त्याच्याशेजारी ठेवा.

मॅडमनी तिसऱ्यांदा फाइल दिली. पांढऱ्या सूचना काढल्या, दोन परिच्छेद स्वतःच्या शब्दांत लिहून स्रोत दिला. मी विचारलं, "आणि तो रेघांचा परिच्छेद?" त्या म्हणाल्या, "तो पण बदलला, सर. मार्गदर्शक सरांना सांगितलंसुद्धा, की हा यंत्राला सापडला नव्हता."