पत्ता बीडचा, रुग्ण शिरोळच्या फडात

मानसोपचारतज्ज्ञ खेड्यात यायला तयार नाही, तेव्हा त्याचा चेहरा तरी पडद्यावर यावा, या विचाराने शासनाने दूरमानसोपचाराची वाट मोकळी केली. दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे 25 मार्च 2020 रोजी जाहीर झाली. मानसोपचारासाठी वेगळी कार्यपद्धती त्याच वर्षी तयार झाली. पुढे 10 ऑक्टोबर 2022 रोजी ‘टेली-मानस’ ही सेवा 14416 या क्रमांकावर सुरू झाली. या वाटेला आमचा विरोध नाही. राज्यातली शासकीय प्रादेशिक मनोरुग्णालये चार, तीही ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे. भामरागडच्या माणसाला नागपूर तीनशेहून अधिक किलोमीटर पडते. त्याला फोनवर भेटणाऱ्या डॉक्टरांची टवाळी करण्याचा अधिकार कोणालाच नाही. आमचा आक्षेप आहे तो नियमावलीतल्या एका गृहीतकाला: रुग्ण आपल्या पत्त्यावर राहतो, या गृहीतकाला.

समजा, बीड जिल्ह्यातला एक ऊसतोड मजूर आहे, वय बत्तीस. त्याला द्विध्रुवी विकार, म्हणजे कधी उन्मादाचे तर कधी खोल नैराश्याचे झटके येणारा आजार आहे. जिल्हा रुग्णालयात प्रत्यक्ष तपासणी होऊन त्याला लिथियम सुरू झाले आणि तीन वर्षे तो ठणठणीत आहे. दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन तो बायकोसह शिरोळ तालुक्यातल्या फडावर जातो. मार्चमध्ये पाठ धरते, तेव्हा गावातल्या दुकानातून तो डायक्लोफेनॅकच्या गोळ्या घेतो. उन्हात मोळ्या वाहताना अंगातले पाणी आणि मीठ घामावाटे जाते. लिथियम शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडाचे. पाणी-मीठ कमी झाले की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवते, आणि डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके त्यात भर घालतात. डोस तोच, पण रक्तातले प्रमाण चढत जाते. साधारणतः 0.6 ते 1.0 मिलिमोल प्रति लिटर हे प्रमाण उपयोगाचे असते, 1.5 च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात.

आता त्याची बायको बीडच्या डॉक्टरांना फोन लावते. दोन दिवस उलट्या होत आहेत आणि हात थरथरतात, असे सांगते. सल्लामसलत निनावी नसावी, रुग्णाचे नाव, वय, पत्ता पडताळावा आणि डॉक्टरांनीही आपले नाव व पात्रता सांगावी, असे नियम सांगतो. त्याप्रमाणे सारे होते आणि ओळख पटते. पण पडताळलेला पत्ता बीडचा आहे. माणूस कोण, हे कळले. तो आत्ता कोठे आहे, हा प्रश्न राहून गेला. दर संभाषणात पहिला प्रश्न हाच हवा: आत्ता कोणत्या गावाच्या शिवारात आहात, कोपी कोणत्या रस्त्यालगत आहे, फोन तुटला तर दुसरा क्रमांक कोणता? हे कागदावर नसेल तर डॉक्टर 108 ला कळवणार तरी काय? आणि फड निपाणीकडचा असेल तर महाराष्ट्रातून फिरवलेला 108 कर्नाटकाच्या केंद्राला लागणारच नाही.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. फोन बहुधा मुकादमाचा असतो, किंवा तो शेजारीच उभा असतो. ज्याने उचल दिली त्याच्या कानावर ‘वेड्याच्या गोळ्या’ पडल्या तर पुढच्या हंगामाला या कोयत्याला टोळीत जागा मिळेल का? म्हणून रुग्ण लक्षणे लपवतो आणि ‘बरं आहे’ म्हणतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. पण कोपीला भिंत नसते. जवळ कोण आहे, हे डॉक्टरांनी आधी विचारावे, आणि हो-नाहीत उत्तर देता येईल असे प्रश्न ठेवावेत. एवढी साधी गोष्टही प्रशिक्षणात शिकवावी लागेल.

औषधांच्या मर्यादेकडे आता वळू. नियमांत औषधांच्या याद्या आहेत: काही औषधे पहिल्याच दृक्‌भेटीत लिहिता येतात, काही केवळ आधी प्रत्यक्ष तपासलेल्या रुग्णाला पुढे चालू ठेवता येतात. अंमली व मनःप्रभावी पदार्थांच्या 1985 च्या कायद्यात आलेली औषधे मुळात वर्ज्य धरली गेली; पुढे क्लोनाझेपामसारख्या काहींना सवलत मिळाली. ही मनाई व्यसन आणि चोरटा व्यापार यांवर नजर ठेवते. लिथियम त्या कायद्यात येत नाही, कारण त्याची चटक कोणाला लागत नाही. म्हणून ते निर्धोक, असा अर्थ कोणी काढला तर तो जिवावर बेतेल. लिथियमची मर्यादा यादीने नव्हे, रक्ततपासणीने घालावी लागते. शेवटच्या डोसानंतर बारा तासांनी घेतलेल्या रक्तात ते मोजतात, दर तीन ते सहा महिन्यांनी. मूत्रपिंड आणि थायरॉईडची तपासणीही वेळोवेळी होते. सहा महिने फडावर असलेल्या माणसाच्या गोळ्या जुन्याच आकड्यावर फोनवरून वाढवून देणे हे नियमात बसेलही, वैद्यकात बसत नाही. शिवाय सहा महिन्यांचा साठा एकदम कोपीत ठेवणेही धोक्याचे, कारण नैराश्याच्या झटक्यात तोच साठा विष ठरतो. महिन्या-महिन्याने औषध हवे आणि ते कोल्हापूरच्या शासकीय रुग्णालयाने बीडच्या चिठ्ठीवर द्यावे. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालेल, बाकीची वेदनाशामके विचारल्याशिवाय नकोत, हे चिठ्ठीवर मराठीत ठळक लिहिलेले असावे.

पडद्यावर विषबाधा ओळखता येते का? काही अंशी येते. रुग्णाला हात पुढे धरायला सांगावे, स्वतःचे नाव-गाव बोलून घ्यावे, चार पावले चालवून पाहावे. बारीक कंप लिथियमवर असतोच. पण कंप मोठा झाला, जीभ अडखळली, तोल गेला, गुंगी आली, तर संभाषण तिथेच थांबवून लिथियम आणि वेदनाशामक बंद करायला सांगावे आणि रुग्णाला प्रत्यक्ष उपचाराकडे धाडावे. त्याला शिरेतून सलाईन, रक्तातले प्रमाण, मूत्रपिंडाची तपासणी, आणि वेळ पडली तर डायलिसिस लागेल. चित्र अस्पष्ट असेल तर पायांवर विश्वास ठेवावा, चेहऱ्यावर नव्हे.

पण धाडणार कोण? येथेच कागदावरची आपत्कालीन व्यवस्था उघडी पडते. तातडीच्या वेळी प्रथमोपचार सुचवून प्रत्यक्ष उपचाराकडे पाठवा, असे नियम म्हणतो. मानसिक आजाराच्या आणीबाणीत 2017 च्या कायद्याचे 94 वे कलम कोणत्याही नोंदणीकृत डॉक्टरला सर्वसाधारणपणे 72 तासांपर्यंत उपचार करण्याची व रुग्णाला हलवण्याची मुभा देते. मुभा आहे, पण फडावर आशाताई नाही. तिची नेमणूक गावच्या लोकसंख्येवर, आणि फडकरी त्या गावचे नव्हेत. तिचा मोबदला कामागणिक ठरतो. परजिल्ह्यातल्या रुग्णाच्या कोपीपर्यंत चालत जाणे त्या यादीत नाही. तिच्यावर फुकटचे ओझे लादू नका, असे आम्ही स्पष्ट म्हणतो. आणि दवाखान्यात गेलेल्या दिवसाचा खाडा मजुराच्या हिशेबातून कापला जातो, तोवर बायको रात्रीपर्यंत वाटच पाहील. तेवढा वेळ लिथियम देत नाही.

नोंदींबाबतही हेच. डॉक्टरांनी सल्ल्याची नोंद आणि चिठ्ठीची प्रत जपावी, हे नियमात आहे. त्यात चार ओळी वाढवल्या पाहिजेत: रुग्ण आत्ताचा कोठे, शेजारी कोण, लिथियमचे शेवटचे प्रमाण किती व कोणत्या तारखेचे, जवळचे रुग्णालय कोणते. आणि ही नोंद संगणकात बंद न राहता कागदावर रुग्णाच्या हाती असावी, कारण रात्री अकरा वाजता त्याला तपासणारा कोल्हापूरचा तरुण डॉक्टर बीडचा संगणक उघडू शकत नाही.

हंगाम सुरू होण्यापूर्वी बीडच्या मानसोपचार विभागाने जाणाऱ्या रुग्णांची तपासणी करून असे कार्ड हाती द्यावे. ज्या तालुक्यात ते जातात तेथील आरोग्य केंद्राला, रुग्णाच्या संमतीने, कळवावे. कारखान्याने फडापासून रुग्णालयापर्यंतच्या वाहनाची हमी घ्यावी आणि त्या दिवसाचा खाडा धरू नये. आपल्या ऊसतोड कामगार संघटनांनी या मागण्या कराराच्या बोलणीतच मांडाव्यात, उचल ठरते त्याच बैठकीत.