रिपोर्टमधल्या ‘ईएसबीएल’ला किती घाबरायचं?

रावेरकडच्या केळीबागेत कामाला जाणाऱ्या एक मावशी लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट घेऊन आल्या. चार दिवस जळजळ आणि सारखी लघवीला घाई. ताप नाही, कंबर-पाठ दुखत नाही. मेडिकलवरून आणलेल्या सेफिक्झिमच्या गोळ्यांचा उपयोग झाला नव्हता. रिपोर्टमध्ये ई. कोलाय, एक लाखाहून अधिक, आणि खाली ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’. मुलगा म्हणाला, “डॉक्टर, ॲडमिट करून इंजेक्शनच चालू करा.”

ई. कोलाय हा आपल्याच आतड्यातला जंतू. ईएसबीएल हे त्याने बनवलेलं विकर. ते पेनिसिलिन आणि सेफिक्झिम, सेफ्ट्रियाक्झोन यांसारख्या औषधांची मोडतोड करतं. म्हणून त्या गोळ्या फुकट गेल्या. पण जंतू हट्टी आहे म्हणजे आजार गंभीर आहे, असं नाही. माझ्या मते रिपोर्ट वाचण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: जंतुसंसर्ग मूत्राशयापुरता आहे की किडनीपर्यंत गेलाय?

मावशींचा मूत्राशयापुरताच होता. नायट्रोफ्युरँटॉइन 1950च्या दशकापासून वापरात आहे आणि ईएसबीएल त्याला हात लावू शकत नाही. रिपोर्टमध्ये ते चालणारं होतं आणि मावशींची किडनी ठीक होती, म्हणून 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणासोबत, पाच दिवस दिलं. लघवी तपकिरी होईल हे आधीच सांगितलं, नाहीतर लोक घाबरून औषध सोडतात. किडनी बरीच कमजोर असेल किंवा बाळंतपण अगदी जवळ आलं असेल, तर हे देत नाहीत. अशा वेळी फॉस्फोमायसिनची तीन ग्रॅमची पुडी, पाण्यात विरघळवून एकदाच, हा पर्याय असतो. मात्र तिचा भरवसा ई. कोलायवर, क्लेबसिएलावर तितका नाही.

या दोन्ही औषधांची मर्यादा एकच. ती लघवीत भरपूर साठतात, पण किडनीच्या पेशींत आणि रक्तात पुरेशी पोहोचत नाहीत. म्हणून थंडी वाजून ताप, बरगडीखाली पाठीत दुखणं, उलट्या असतील तर पुडीवर थांबणं धोक्याचं. जळजळ कमी होते, पण आत किडनीतला संसर्ग वाढत राहतो. तिथे एर्टापेनेम किंवा मेरोपेनेमचं इंजेक्शन लागतं. ताप उतरला, पोटात अन्न टिकू लागलं आणि रिपोर्टनुसार कोट्रायमोक्झाझोल किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन चालत असेल, तर पुढचे दिवस गोळ्यांवर काढता येतात. जळगाव-धुळ्यात मला दोन्ही चुका दिसतात: साध्या जळजळीला सात दिवस मेरोपेनेम, आणि हुडहुडी भरलेल्या पेशंटला पुडी.

पाचव्या दिवशी मावशी बऱ्या होत्या. मुलाला कल्चर पुन्हा करायचं होतं. मी नाही म्हणालो. त्रास नसताना लघवीत जंतू सापडले, तरी गरोदरपण किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया नसेल तर सहसा औषध लागत नाही.